दर एपिसोडला तिसऱ्या मिनिटाला ग्राफ कोसळतो: कारण कुठं शोधायचं, कात्री कुठं लावायची

तक्रार नेहमीची आहे. एपिसोड यूट्यूबवर चढतो, दोन दिवसांनी रिटेन्शनचा, म्हणजे कुठल्या क्षणाला किती टक्के लोक पाहत होते याचा, ग्राफ दिसायला लागतो आणि रेघ दर वेळी एपिसोडच्या साधारण एक तृतीयांशावर कडा उतरल्यासारखी खाली येते. कथा वेगळी, पात्रं वेगळी, घसरण मात्र तिथंच. मग टीममध्ये ठरलेलं वाक्य येतं, "लोकांना आजकाल आठ मिनिटं पाहवतच नाही." पुढचा भाग सहा मिनिटांचा होतो आणि त्यातही एक तृतीयांशावर रेघ पडतेच. लांबी कमी केल्यानं हे सुटत नाही, कारण घोळ लांबीत नसतो.

नागपुरातल्याच एका छोट्या टीमचं उदाहरण घेऊन सांगतो. तिघं जण आहेत, धरमपेठेत एका फ्लॅटच्या पुढच्या खोलीत काम चालतं. ॲनिमेशनची मालिका आहे, मोठ्यांसाठी, नव्वदच्या दशकातल्या नागपुरातल्या बालपणाची. मी त्यांच्याकडे एडिटला मदत करायला जातो. ज्या भागाबद्दल बोलतोय तो तान्ह्या पोळ्याचा: पोळ्याच्या रात्री पोराच्या लाकडी बैलाचं चाक मोडतं, आजी शिवणयंत्राची रिकामी रीळ बसवून ते नीट करून देते, सकाळी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत तो बैल हरवतो आणि संध्याकाळी घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघायच्या आत तो शोधायचा असतो. लांबी ८ मिनिटं २० सेकंद. खालचे टक्के वाचायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

आधी ग्राफची मर्यादा समजून घ्या, नाहीतर नको तिथं कात्री चालते. व्हिडिओ कितीही लांब असला तरी यूट्यूबच्या रिटेन्शनच्या माहितीत त्याचे शंभर तुकडे असतात. आपला भाग ५०० सेकंदांचा, म्हणजे एक तुकडा ५ सेकंदांचा. त्यामुळे ग्राफवर २:५५ ला दिसणारी घसरण कुठल्या शॉटमुळे, कुठल्या फ्रेममुळे, हे तो ग्राफ सांगूच शकत नाही. त्यात माणूस कंटाळला की त्याच क्षणी बोट मागे नेत नाही, थोडा वेळ वाट पाहतो. म्हणून मी घसरण जिथं सुरू होते तिथून मागे पाच ते पंधरा सेकंद जातो आणि कारण तिथं शोधतो. बहुतेक जण घसरणीच्या तळाशी जो शॉट सापडतो त्यालाच फाशी देतात. त्या शॉटपर्यंत तर गेलेले लोक पोचलेलेच नसतात.

दुसरी मर्यादा तुलनेची. व्हिडिओच्या Analytics मध्ये ग्राफच्या मागे Typical retention म्हणून जो नेहमीचा पट्टा दिसतो, तो तुमच्याच मागच्या दहा साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंवरून काढलेला असतो. तुमच्या दहाही व्हिडिओंत तीच खोट असेल तर ती खोटच तुमची सरासरी होऊन बसते. स्क्रीनवर "नेहमीसारखं" असं दिसतं आणि टीम निर्धास्त होते. ज्याचं दुखणं वारंवारचं आहे त्यानं या पट्ट्यावर विसंबू नये. त्यापेक्षा मागच्या चार भागांचे ग्राफ एकाखाली एक ठेवा आणि घड्याळाच्या मिनिटांऐवजी कथेच्या टप्प्यांवर जुळवा: पहिली अडचण आली कुठं, सुटली कुठं, दुसरी सुरू झाली कुठं. या टीमच्या चारही भागांत घसरण वेगवेगळ्या सेकंदाला होती, पण चारही वेळा पहिली अडचण सुटल्यानंतर लगेच होती. निम्मं निदान तिथंच झालं.

आता आकडे. नुसत्या रेघेचा उतार डोळ्यांना फसवतो, कारण सुरुवातीला पाहणारे जास्त असतात आणि नंतर कमी. ५१ वरून ३९ वर येणं म्हणजे बारा टक्के गेले असं म्हणू नका. त्या वेळी समोर जे ५१ होते त्यांतले १२ गेले, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. ग्राफवर माउस फिरवून दर वीस सेकंदांचा आकडा शीटमध्ये उतरवा, वेळ पहिल्या रकान्यात, टक्के दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात हे सूत्र खाली ओढा:

```
=(B2-B3)/B2
```

तान्ह्या पोळ्याच्या भागात पहिल्या ३० सेकंदांत रेघ ६२ वर आली. यात चुकून टिचकी मारलेले, नाव वाचून वेगळंच काही वाटलेले असे सगळे असतात. तो शीर्षकाचा आणि थंबनेलचा विषय आहे, आज त्यात पडत नाही. ०:३० ते २:५० मध्ये ६२ चे ५१ झाले: १४० सेकंदांत समोरचे सुमारे १८ टक्के गेले. पुढं २:५० ते ३:२५, फक्त ३५ सेकंदांत, ५१ चे ३९: सुमारे २४ टक्के. दर दहा सेकंदांच्या हिशेबानं ही गळती आधीच्या पाचपट आहे. आणि त्यानंतर ३:२५ ते ५:०० या ९५ सेकंदांत ३९ चे फक्त ३६ झाले, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. ही गळती पहिल्या दोन मिनिटांपेक्षाही संथ. जो ३:२५ ओलांडून आला तो पाय रोवून बसला. "आठ मिनिटं पाहवत नाही" या तक्रारीला एवढं उत्तर पुरे.

पेसिंगवर, म्हणजे कथेच्या गतीवर, खापर फोडण्याआधी मात्र दोन गोष्टी तपासा, कारण त्या असतील तर एडिट करून काही उपयोग नाही.

एक, जाहिरात. ८ मिनिटं किंवा त्याहून लांब व्हिडिओत मधली जाहिरात लागू शकते, आणि आपोआप जागा निवडू दिली तर यूट्यूब ती कथेतल्या नैसर्गिक थांब्यावर टाकतं. पडदा काळा झाला, संगीत संपलं, शांतता आली, की ती जागा जाहिरातीला सोयीची. इथं २:५० ला दोन सेकंद काळा पडदा होता आणि जाहिरातीची खूणही बरोबर त्यावरच बसली होती. ती खूण हातानं काढली आणि थोडे दिवस थांबून फक्त त्यानंतरच्या तारखांचा ग्राफ पाहिला. घसरण थोडी सौम्य झाली, पण जागची हलली नाही. म्हणजे जाहिरात भर घालत होती, मूळ दुसरीकडे होतं.

दोन, प्रेक्षक कोण आहेत. नवे प्रेक्षक आणि परतून येणारे, असे दोन गट वेगळे करून पाहता येतात. फक्त नवे पडत असतील तर त्यांना मालिकेचा संदर्भ लागत नाही असं समजा. इथं दोन्ही रेघा एकाच ठिकाणी पडत होत्या. ओळखीचे आणि अनोळखी दोघंही एकाच दारातून बाहेर जात असतील तर ते दार एपिसोडमध्येच आहे. एक सावधगिरी: पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे घरचे, मित्र आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे असतात. तीनशे व्ह्यूजमध्ये एक टक्का म्हणजे तीन माणसं. निर्णय घ्यायला आठवडाभर तरी थांबा.

आता घसरणीच्या आसपास एपिसोडमध्ये काय आहे ते पाहू. टाइमलाइन उघडून टीमसोबत बसलो आणि कागदावर उतरवलं. २:४४ ला रीळ चाकाच्या जागी बसते, बैल फरशीवर घरंगळतो, बासरी सुरावर येऊन थांबते. पोरगा हसतो, आजी दिवा मालवते. २:५० ला काळा पडदा. २:५२ ते ३:०१ सकाळच्या महाल भागावरून नऊ सेकंदांचा पॅन: कौलं, गच्चीवरची बाज, दूर देवळाचा कळस, आवाज फक्त चिमण्यांचा. ३:०१ ते ३:१२ पोरगा दोरीनं बैल ओढत गल्लीतून चालतो, अकरा सेकंद, एकच वॉक सायकल, म्हणजे चालण्याची तीच ती चित्रं, फिरत राहते. ३:१२ ला मारबतीचे ढोल सुरू होतात. ३:१७ ला पहिला संवाद. ३:३१ ला गर्दीत दोरी हातातून सुटते.

म्हणजे २:४४ ला प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न मिटला, "चाक नीट होईल का?", आणि पुढचा प्रश्न ३:३१ ला आला. मधल्या ४७ सेकंदांत पाहणाऱ्याला जाणून घ्यायचं असं काहीच नाही. उलट आजीनं दिवा मालवला, बासरी थांबली, पडदा काळा झाला: एपिसोड संपल्याच्या सगळ्या खुणा एका जागी. लोक कंटाळून गेले नाहीत. छान वाटलं, संपलं असं समजून गेले. म्हणूनच कमेंटमध्ये तक्रार एकही नव्हती, "मस्त भाऊ" एवढंच होतं.

हे ॲनिमेशनमध्येच इतकं का होतं, याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. वॉक सायकल एकदा काढली की ती किती वेळ फिरवली तरी खर्च वाढत नाही. २४ फ्रेमच्या सेकंदाला दोन-दोन फ्रेम धरून १२ चित्रं काढली की दोन पावलांची चाल तयार, मग अकरा सेकंद काय आणि चाळीस काय. संवादाच्या एका सेकंदाला ओठ, डोळे, हात सगळं काढावं लागतं. साहजिकच भागाची लांबी चालण्यावर भरून निघते. पॅनचं उलटं आहे. बॅकग्राउंड करणाऱ्या दादानं ते महालाचं चित्र इतकं जीव लावून रंगवलंय की ते तीन सेकंदांत संपवायला कुणाचं मन होत नाही. मी बोट ठेवल्यावर तो म्हणालाच, "तू माझ्या गच्चीवरच कात्री लावून राहिला ना बे." त्याची बाजू मला पटते. पण चित्र आवडणं आणि चित्रावर थांबणं या दोन गोष्टी आहेत. प्रेक्षकाच्या मनात प्रश्न असेल तर तो नऊ सेकंदही पाहतो, नसेल तर तीनही फार.

ॲनिमॅटिकमध्ये, म्हणजे कच्ची चित्रं वेळेनुसार लावून आधी केलेल्या फिल्ममध्ये, हे कळलं नसतं का? कळायला हवं होतं, पण ॲनिमॅटिक पाहणाऱ्या तिघांनाही पुढं बैल हरवणार हे माहीत होतं. कथा ठाऊक असलेल्याला मोकळी जागा कधीच मोकळी वाटत नाही, तो मनातल्या मनात पुढचं पाहत असतो.

चढवलेल्या भागात काय करता येतं? यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं तसंच राहतं. नवं दृश्य जोडता येत नाही, फाइलही बदलता येत नाही. आणि ही कात्री बोथट आहे: सांध्यावर आवाज विरघळवत नेण्याची सोय नाही. म्हणून कापण्याची दोन्ही टोकं आवाजाच्या हिशेबानं निवडा. पहिलं टोक शांततेत, दुसरं टोक एखाद्या ठळक आवाजाच्या सुरुवातीवर. चालू संगीताच्या मध्ये कापलं तर झटका ऐकू येतो आणि लोक तिथंच जातात. इथं दैवानं दोन्ही होतं, अलीकडे चिमण्या आणि पलीकडे ३:१२ चा पहिला ढोल.

मी सुचवलं २:५० ते ३:१२ सरळ काढा, २२ सेकंद. तिथं एक गंमत झाली. ५०० मधून २२ गेले की उरतात ४७८, म्हणजे ७ मिनिटं ५८ सेकंद. दोन सेकंदांसाठी भाग आठ मिनिटांच्या आत येतो आणि मधल्या जाहिरातीची पात्रताच जाते. घड्याळाकडे पाहून कात्री लावणं मला आवडत नाही, पण पैसे त्यांचे, भाडं त्यांना भरायचं. शेवटी २:५४ ते ३:१२ कापलं, १८ सेकंद. काळा पडदा राहिला, सकाळच्या गच्चीची दोन सेकंदांची झलक राहिली आणि तिच्यावर धाडकन ढोल. लांबी ८:०२. खरं सांगायचं तर हे माझ्या सुचवण्यापेक्षा बरं झालं, कारण रात्रीनंतर सकाळ झाली एवढं कळायला ती दोन सेकंदं लागतातच. काळ्या पडद्यावरून आधीच काढलेली जाहिरातीची खूण आता पुढं, बैल हरवल्यानंतरच्या एका सांध्यावर ठेवली. माणूस प्रश्नात अडकलेला असताना जाहिरात सहन करतो.

कापण्याआधी जुन्या ग्राफचा स्क्रीनशॉट घ्या आणि कापल्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढं आधीचं आणि नंतरचं वेगळं पाहता येईल. वर्णनात प्रकरणांच्या वेळा लिहिल्या असतील तर कापल्याच्या पुढच्या सगळ्या वेळा हातानं सुधारा. चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल आणि व्हिडिओचे व्ह्यूज एक लाखावर गेले असतील तर असे बदल जतन होणार नाहीत, तेव्हा हे काम लवकर करा.

कापल्यानंतर त्याच टप्प्यात ५१ चे ३९ व्हायचे ते ४५ वर थांबायला लागले. समोरच्यांतले २४ टक्के जायचे, आता १२ च्या आसपास. निम्मी गळती थांबली, निम्मी राहिली, आणि ती राहणारच होती. जुना प्रश्न मिटण्याची आणि नवा उघडण्याची जागा कात्रीनं हलत नाही. ४७ सेकंदांची पोकळी २९ वर आली, भरली नाही.

भरायची असेल तर ती पुढच्या भागात, ॲनिमॅटिकच्या टप्प्यावर. उपाय एका वाक्यात सांगता येतो, करायला अवघड आहे: पहिला प्रश्न मिटायच्या आधी दुसरा उघडा. आजी रीळ बसवत असतानाच खिडकीतून शेजारचा पोरगा ओरडला असता, "उद्या मारबत आपल्याच गल्लीतून जाऊन राहिली, मागच्या साली माझा बैल गर्दीतच गेला ना!" तर बैल घरंगळताना पाहणाऱ्याच्या मनात आनंदाबरोबर धाकधूकही आली असती. एक ओळ, तीन सेकंद, एकही नवं बॅकग्राउंड नाही. मग काळा पडदा ठेवा, गच्ची नऊ सेकंद दाखवा, पोराला चालू द्या. बैल दोरीला आहे, ढोल दुरून ऐकू येतायत, आता काय होणार हे पाहणारा शोधतोय. तीच वॉक सायकल आता ताण वाढवते.

आवाजही आधी आणता येतो. चित्र अजून रात्रीचं असताना, आजी दिवा मालवताना, लांबून ढोलाचे दोन ठोके. पुढच्या दृश्याचा आवाज मागच्यात शिरला की शेवट झाल्यासारखं वाटत नाही. ॲनिमेशनमध्ये याला पैसे लागत नाहीत, फक्त साउंडवाल्याला वेळेवर सांगावं लागतं.

टीमनं आता ॲनिमॅटिकच्या टाइमलाइनवर दोन रंगांच्या खुणा ठेवायला सुरुवात केलीय: प्रश्न उघडला की हिरवी, मिटला की लाल. लालनंतर हिरवी यायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर थांबून बोलायचं. दहाचा आकडा माझा अंदाज आहे, नियम नाही. विनोदी भागात तो कमी हवा. आणि ॲनिमॅटिक कथा न सांगता शेजारच्या कुणाला तरी दाखवायचं. दाखवताना स्क्रीनकडे पाहू नका, त्याच्या हाताकडे पाहा. फोन उचलला की वेळ टिपून घ्यायची.

याच ग्राफवर ५:१० ते ५:३० ला एक खड्डाही होता: रेघ ३६ वरून ३१ वर जाऊन परत ३५ वर आली. तिथं आजोबा मारबतीचा इतिहास सांगतात, एका स्थिर चित्रावर कॅमेरा हळूहळू जवळ जातो. रेघ परत वर आली याचा अर्थ लोक गेले नाहीत, फोनवर दोनदा टिचकी मारून दहा-दहा सेकंद पुढं सरकले आणि गोष्टीत परत आले. कड्यावर माणूस हातचा गेला, खड्ड्यात फक्त तेवढा तुकडा नकोसा झाला. खड्ड्याची घाई नाही. नागपूरकराला मारबत म्हणजे काय हे कोण सांगणार? बाहेरच्याला ते लागतं, म्हणून ते ठेवलं. पण पुढच्या वेळी आजोबांनी बैल शोधता शोधता सांगायचं, बसून नाही.

शेवटी ७:४० नंतर रेघ सरळ १२ पर्यंत जाते, ती नामावली आहे. तिच्यामागे लागू नका. "पुढच्या भागात" ची झलक मात्र नामावलीच्या मागे ठेवली असेल तर ती पुढं आणा, कारण तिथवर पोचणारे फार थोडे असतात.